महालक्ष्म्यांच्या जेवणाआधी एक फोन करा

बजाजनगरात एकत्र कुटुंब रोजचं नसतं, सणाचं असतं. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याच्या आगेमागे एमआयडीसी वाढली आणि मराठवाड्यातली, खानदेशातली, विदर्भातली कितीतरी घरं अर्धी इथं, अर्धी गावाकडं अशी झाली. खाली थोरला, वर धाकटा, दोघांच्या शिफ्ट वेगळ्या, आईवडील गावी. भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या की मग हे घर पुन्हा एक होतं. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठेवर जेवतात, मुळावर जातात. त्या तीन दिवसांत पंचवीस-तीस माणसं दोन खोल्यांत आणि गच्चीवर मावतात. आणि वर्षानं भेटलेल्या माणसाचं आधी काय दिसतं? अंग. “काय गं, लईच वाळली!” “सुनबाई चांगल्याच सुटल्या की यंदा!”

या बोलण्याला काय उत्तर द्यावं, असं बायका एकमेकींना विचारतात. माझं म्हणणं असं, की उत्तर काय द्यायचं ते नंतर बघू. आधी उत्तर कुणी द्यायचं ते ठरवा. आपल्या घरांत प्रत्येकाला तोंड असतं, पण प्रत्येकाला ते उघडायची मुभा नसते. लेकीनं आत्याला फटकन बोललेलं खपतं. तेच सुनेनं बोललं तर वर्षभर पुरतं. जावयाचं पोट कितीही सुटू दे, पंगतीत त्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. म्हणजे जीभ आवरता येते. कुणासमोर आवरायची, एवढंच ठरलेलं असतं.

एक घर डोळ्यासमोर आणा. खरं म्हणून कुणाचंच नाही, पण आपल्या गल्लीत असं एक तरी निघेल. थोरल्याकडं महालक्ष्म्या आहेत. धाकटी सून बाळंत होऊन नऊ महिने झालेत, अंगानं भरली आहे. नणंद लग्न होऊन चार वर्षं झाली तरी सडपातळच. थोरल्याची मुलगी तेराव्या वर्षात. आणि सासऱ्यांची थोरली बहीण, सगळ्यांच्या आत्याबाई, गावाहून आल्यात. ज्येष्ठेचा दिवस. सकाळपासून पुरण शिजतंय, सोळा भाज्या निवडून झाल्यात, आंबील खाली उतरली आहे. आत्याबाई पाटावर बसल्या बसल्या म्हणतात, “धाकटीनं बाळंतपणाचं सगळं अंगावरच ठेवलं बाई.” चार जणी हसतात. दारात उभा असलेला तिचा नवरा, तोही हसतो.

आता ती काय करते ते बघा, कारण बहुतेक जणी हेच करतात. ती कारण सांगते. “थायरॉइड निघालंय ना आत्याबाई, गोळी चालू आहे.” तिला वाटतं, कारण कळलं की विषय मिटेल. विषय तिथून सुरू होतो. एक म्हणते धने भिजवून पी, दुसरी म्हणते भात बंद कर, तिसरी विचारते, “हे लग्नाआधीपासून होतं का गं?” कानानं जरा कमी ऐकणाऱ्या चुलत सासूबाईंना तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलं जातं. संध्याकाळपर्यंत ही बातमी दोन गावांत पोचते आणि पुढच्या वर्षी विचारायला तयार प्रश्न मिळतो. स्वतःच्या अंगाचं कारण देणं म्हणजे त्याचा हिशोब मागायचा हक्क समोरच्याला देणं. डॉक्टरला कारण सांगा, नवऱ्याला सांगा, जिच्यावर जीव आहे त्या जावेला सांगा. पंगतीला सांगू नका.

नणंदेचंही तसंच, फक्त उलट्या बाजूनं. तिला म्हणतात, “अंगावर मांस नाही, खात नाहीस का?” माहेरी हे वाक्य मायेनं येतं. पण ते लागतं तिच्या सासरला, कारण त्याचा दुसरा अर्थ असा, की तिकडं पोरीला कुणी खाऊ घालत नाही. ती मध्ये सापडते. हो म्हणावं तर सासर वाईट, नाही म्हणावं तर आई खोटी. त्यात मूल झालेलं नसलं की पुढचं वाक्य येणारच, “अशा अंगानं कसं राहणार?” इथं वजनाचा विषय संपून भलताच सुरू झालेला असतो.

म्हणून पहिलं काम नवऱ्याचं, भावाचं, सासूचं आहे. ज्याचं नातं बोलणाऱ्याशी रक्ताचं, त्यानं बोलायचं. धाकटीच्या बाबतीत बोलायचं धाकट्यानं. आणि ते पंगतीत बोलायचं नाही, कारण चारचौघांत थोरल्या माणसाला गप्प केलं की ते माणूस अपमान लक्षात ठेवतं, मुद्दा विसरतं. आठ दिवस आधी फोन करायचा. फोन असा:

“आत्या, यंदा दोन दिवस आधीच ये. अन् एक काम आहे तुझ्याकडं. घरात जाड-बारीकवरून कुणी कुणाला बोललेलं मला आवडत नाही. पोरीबाळी मोठ्या होत चालल्यात. तू सगळ्यांत थोरली, तुझं सगळे ऐकतात. कुणी बोललंच, तर तूच गप्प कर.”

या फोनमध्ये तीन गोष्टी आहेत, तिन्ही जपून ठेवा. ‘हिला वाईट वाटतं’ असं म्हटलेलं नाही, ‘मला आवडत नाही’ असं म्हटलंय. बायकोचं नाव घेतलं की आत्या येताना मनात ‘धाकटीनं कान भरले’ हे घेऊनच येते, आणि मग तोंडानं काही बोलली नाही तरी बघण्यातून बोलते. दुसरं, आत्यावर आरोप नाही. गेल्या वर्षी तू असं म्हणालीस, अशी आठवण करून दिली की ती म्हणणार, मी कधी? मी तर गमतीनं म्हणाले. त्या वादात कुणी जिंकत नाही. आणि तिसरं, तिला राखणीला बसवलंय. जी बोलणार होती तिलाच बोलणाऱ्यांवर नजर ठेवायचं काम दिलं, की बहुतेक थोरल्या बायका ते काम मनापासून करतात. मान मिळाला ना! गावाकडं भांडण मिटवायचं तर त्यातल्याच एका शहाण्याला पंच करतात, त्यातलाच हा प्रकार.

नवऱ्यांना एक वेगळं सांगायचं आहे. फोन करणं जमणार नसेल तर निदान हसू नका. आत्याबाईंचं वाक्य बायको संध्याकाळपर्यंत विसरेल. तुमचं हसणं तिला पुढची महालक्ष्मी येईपर्यंत आठवेल.

फोन झाला तरी कुणीतरी बोलणारच. तीस माणसांत एखादं तरी निसटतं. तेव्हा जिच्यावर बोट आलं तिनं काय करावं? आधी ओळखावं, की हे नुसतं ‘आलीस का’ म्हणण्यासारखं आहे की खोदणं आहे. खूण सोपी आहे. बघताक्षणी एकदा बोलून पुढं गेलेलं माणूस नुसतं भेटत असतं. त्याला “हो ना मावशी” म्हणून पाया पडावं, झालं. खोदणारं माणूस थांबत नाही. ते दुसऱ्यांदा विचारतं, दुसऱ्या कुणाशी तुलना करतं, किंवा इतरांना साक्षीला बोलावतं, “बघा बघा, हिच्याकडं बघा.” अशा वेळी एक छोटं वाक्य आणि लगेच त्यांच्याच तब्येतीचा प्रश्न. “असू द्या आत्याबाई. तुमचा गुडघा कसा आहे आता? गोळी घेता का वेळेवर?” थोरल्या माणसाला स्वतःचा गुडघा सगळ्यांत प्रिय असतो आणि तो कुणी विचारत नाही. पुढची दहा मिनिटं गुडघ्याची. यात लबाडी नाही. त्या बाईला खरंच कुणीतरी विचारायला हवं असतं.

लेकीला याहून सरळ बोलता येतं. “आई, वजनाचं नको, दुसरं काही बोल.” तिनं ते बोलावंच, कारण आज तिला मुभा आहे, उद्या तिच्या भावजयीला नसेल. उलटं वर्मावर बोट ठेवू नये. “तुमचं वजन किती, ते सांगा आधी” हे ऐकायला खमंग लागतं, पण त्यानं अंगावर बोलण्याचा खेळ घरात पक्का होतो आणि पुढचा डाव कुणावर येईल सांगता येत नाही.

आता तेरा वर्षांची पोर. इथं मात्र आठ दिवस आधीचा फोन पुरत नाही. तिच्यावर कुणी बोललं तर तिथंच, तिच्या देखत, कुणीतरी मोठ्यानं अडवलं पाहिजे. आवाज चढवायचा नाही. “तिचं वाढीचं वय आहे, अंगावरून बोलायचं नाही तिला,” एवढं पुरे. या वयात मुलींचं अंग आधी भरतं, उंची आगेमागे वाढते, आणि मुलगे कित्येकदा नुसते लांब वाढून काटक्यांसारखे दिसतात. दोन्ही वाढीच्याच तऱ्हा. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठानं किशोरवयीन मुलामुलींचा वर्षानुवर्षं चालवलेला ‘प्रोजेक्ट ईट’ नावाचा अभ्यास आहे. त्यात दिसलं, की ज्या मुलांना घरचेच वजनावरून चिडवतात त्यांच्यात उपाशी राहणं, मग एकदम बकाबका खाणं असल्या सवयी जास्त आढळतात. आणखी एक दिसलं. आईवडील वजनाबद्दल बोलत असतील तर अशा सवयी जास्त, आणि नुसतं चांगलं काय खावं याबद्दल बोलत असतील तर कमी. आपल्या घरांतली पोर काही वेगळ्या मातीची नाही. तिला काही सांगायचंच असेल तर शेंगदाण्याच्या चटणीबद्दल सांगा, भाजीबद्दल सांगा, तिच्या मांड्यांबद्दल नको.

तोंडाइतकंच वाढणाऱ्या हाताकडंही बघा. एकाच पंगतीत नणंदेच्या ताटात न विचारता तिसरी पुरणपोळी पडते आणि धाकटीला वाढताना हात आखडतो, “तुला तूप नको असेल ना?” शब्द एक नाही, पण सगळ्या पंगतीनं ऐकलेलं असतं. धाकटी अंगावर पाजते, तिला भूक जास्त लागते. पाजणाऱ्या बाईला जास्त अन्न लागतं हे तिथं बसलेल्या प्रत्येक आईला माहीत असतं, तरी हात आखडतोच. वाढणाऱ्यानं सगळ्यांना सारखं विचारावं, “पोळी वाढू?” आणि जे उत्तर येईल ते खरं मानावं. आग्रह देवीला करा, ती नाही म्हणत नाही.

आता कुणी म्हणेल, हे सगळं ठीक, पण जाड असणं हा काय नुसता बोलण्याचा विषय आहे? शुगर, बीपी घराघरांत शिरलंय, कुणी सांगायचंच नाही का? सांगावं. पण डोळ्यानं मोजून सांगू नये, कारण डोळा फसतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण फोटोसकट छापलं. दोघांची वजन-उंचीच्या हिशोबानं येणारी संख्या, म्हणजे बीएमआय, एकच होती, २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. आतली चरबी मोजली तर युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या बाळांवर याज्ञिकांनी केलेल्या अभ्यासातही हेच निघालं, की आपली बाळं हलकी जन्मतात पण चरबी राखून जन्मतात. आपल्याकडं हडकुळ्या माणसालाही शुगर निघते ती अशी. म्हणजे आत्याबाई जिला ‘हाडांचा सापळा’ म्हणतात तिच्या रक्तात साखर असू शकते आणि जिला ‘सुटली’ म्हणतात तिचे सगळे रिपोर्ट नीट असू शकतात. काळजीच असेल तर कंबर मोजायचा टेप आणि रक्ताची तपासणी आहे, आणि ती घरातल्या सगळ्यांची करा, पोट सुटलेल्या जावयासकट. रात्रपाळी करून पहाटे जेवणारे आपले पुरुष या यादीत पहिले यायला हवेत.

एका बाबतीत मात्र गप्प बसू नका, असं मी आग्रहानं म्हणेन. माणूस स्वतः काही न करता वाळत चाललं असेल, म्हणजे सहा महिने ते वर्षभरात वजनाच्या विसाव्या हिश्श्याइतकं उतरलं असेल, पन्नास किलोच्या बाईचे अडीच किलो, तर ते बघायला हवं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी ताप, रात्री घाम, खूप तहान आणि सारखी लघवी, जेवणावरची वासना उडणं, पाळी बंद होणं, यातलं काही सोबत असेल तर दिवाळीपर्यंतही थांबू नका. क्षयाची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट असतात. घाटीत जा किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात. पण हे सांगायचं पंगतीत नाही. भांडी आवरताना, गच्चीवर, एकटीला गाठून. “वाळलीस” म्हणू नका, “बरं वाटतंय ना? थकल्यासारखी दिसलीस मला, मी येऊ का सोबत?” असं विचारा. सोबत येण्याची तयारी नसेल तर विचारूही नका.

आणि या सगळ्या बोलण्याचा सगळ्यात वाईट शेवट मेडिकलच्या काउंटरवर होतो. लग्न ठरायच्या आधी बारीक पोरांना, पोरींना ‘तब्येत बनवायच्या गोळ्या’ कुणीतरी आणून देतं. पाकीट साधं, कधी नुसती पुडी. त्यात कित्येकदा डेक्सामेथासोन नावाचं स्टिरॉइड असतं आणि भूक वाढवणारं सायप्रोहेप्टाडिन. महिन्याभरात गाल वर येतात, सगळे म्हणतात, बघा कशी तब्येत सुधारली! ते सुधारणं नसतं. चेहरा गोल होतो, अंगात पाणी साठतं, साखर आणि रक्तदाब चढतात, हाडं ठिसूळ होतात, साधा आजार अंगात मुरतो. कसं ओळखाल? चेहरा आणि पोट भरतं पण हातपाय काडीच राहतात, अंगावर जांभळट रेघा उठतात, तोंडावर पुरळ येतं. घरात कुणी अशा गोळ्या महिनाभर घेत असेल तर घाबरून एकदम बंद करू नका, तसं करणंही जिवावर बेतू शकतं. पाकीट, नसेल तर पुडी, तशीच उचलून डॉक्टरांकडं न्या आणि त्यांच्या सांगण्यानं हळूहळू कमी करा. आणि त्या पोराला रागावू नका. गोळी त्यानं खाल्ली खरी, पण ती खायला भाग कुणी पाडलं, ते प्रत्येक मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात बसलेल्यांना ठाऊक आहे.

मुळाच्या दिवशी महालक्ष्म्या उठतात, आणि त्याच्या आधी फोटो निघतो. हा फोटो घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातो आणि तिथं जे पंगतीत बोलायचं राहिलं ते लिहून येतं. ‘अर्धा फोटो धाकटीनंच भरला’, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. ग्रुपचा अ‍ॅडमिन बहुतेक थोरला भाऊ किंवा एखादा चुलता असतो; त्यानं तिथं भाषण न देता नुसता मेसेज काढून टाकावा आणि लिहिणाऱ्याला खासगीत फोन करावा. धाकटीनं स्वतः ग्रुपवर उत्तर लिहू नये. लिहिलेलं उत्तर पुढच्या लग्नापर्यंत स्क्रीनशॉट होऊन फिरतं.

आता उरल्या त्या, ज्या बोलतात. आत्याबाई, मावशी, काकू, आणि आपल्यातलीही एखादी, कारण सुनेची सासू व्हायला वेळ लागत नाही. तुमच्या मनात वाईट नसतं, हे बहुतेक वेळा खरंच असतं. वर्षानं भेटलेल्या पोरीला काय बोलावं, ते सुचत नाही आणि अंग समोर दिसतं. तर यंदा बसमधून उतरायच्या आधीच दोन प्रश्न मनाशी ठरवून या. धाकटीला विचारा, बाळ रात्री झोपू देतं का, दिवसा कुणी घेतं का त्याला. नणंदेला विचारा, तिकडं पाणी कितव्या दिवशी येतं, नोकरीचं काय झालं. तेरा वर्षांच्या पोरीला विचारा, कोणता विषय नकोसा वाटतो, आणि ती म्हणाली गणित, तर म्हणा, मलाही नव्हतं येत. आणि कुणाकडं बघून तोंडात आलंच, तर हातातली वाटी पुढं करा, “आंबील घेतेस का?”